काय दिसलं?

भोरच्या संघात सुलक्षणा खेळाडू म्हणून कधीच नव्हती. ती भोंगवलीची. गावोगावच्या कबड्डी सामन्यांत माईकवर बोलून बोलून तिचा आवाज तालुक्याला ओळखीचा झाला होता. यंदा जिल्हा लीगचे सामने मोबाईलवर थेट दिसू लागले, तशी भोरच्या पोरींना शिकवणाऱ्या गोरख सरांनी तिला बोलावलं. "पोरी खेळतात लई भारी, पण सामना संपला की तोंडं शिवल्यासारखी. तू जरा बोलायला शिकव."

सरांचा रोख होता प्रगतीवर. वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातली ही पोरगी चढाईला आली की मैदान गप्प व्हायचं. पहिला सामना जिंकल्यावर सामने थेट दाखवणाऱ्या चॅनलच्या सार्थकनं माईक पुढे धरला, तर ती म्हणाली, "सगळं श्रेय सरांना आणि आईवडिलांना. मी शंभर टक्के दिले. पुढंबी असंच खेळत राहीन." घरी आई पारूबाईनं मोबाईल बघून विचारलं, "हे कुणाचं बोलत व्हतीस गं?"

प्रगतीनं ते सांगितल्यावर सुलक्षणानं दोन संध्याकाळी तिला मैदानाच्या पायरीवर बसवलं.

"श्रेय, शंभर टक्के, हे काढून टाक. सामन्यातला एकच क्षण धर. तिथं काय दिसलं, तेवढंच सांग. कुणाचं नाव घेशील तर त्यानं नेमकं काय केलं, ते सांग. आणि विचारलंय त्याचंच उत्तर दे."

"पर तुमी इचारल्यावर कायच आठवत न्हाई, ताई."

"चढाईत तुझे दहा गुण झाले, सुपर टेन झाली, तेव्हा काय दिसलं?"

प्रगतीनं आपली टाच उचलून दाखवली. "डाव्या कोपऱ्यातलीचा पाय. तिनं टाच उचलली की ती झेपणार. आमच्याकडं मेंढरू बुजतं ना, आधी मागचा पाय हलतो. तसंच."

सुलक्षणाला ते इतकं आवडलं की तिनं ते तिच्याकडून चार-पाच वेळा म्हणवून घेतलं. "बुजतं"वर जरा थांबायचं, मग हसायचं.

पुढचा सामना जिंकल्यावर प्रगती तेच बोलली, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. तिसऱ्या सामन्यानंतर सार्थकनं विचारलं होतं पकडीबद्दल. प्रगती म्हणाली, "मेंढरू बुजतं ना..." आणि त्याच जागी थांबली, तशीच हसली. सार्थकही हसला, पण कॅमेऱ्याकडे बघून. मांडवात बसलेल्या सुलक्षणानं ते हसणं पाहिलं. पोरीचं खरं बोलणं तिनंच घोटून घोटून गुळगुळीत केलं होतं. 'सगळं श्रेय सरांना'सारखंच तेही आता पाठ झालं होतं.

त्या रात्री तिला झोप लागेना. शिकवावं तर खोटं होतं, न शिकवावं तर पोरगी गारठते. मग करायचं तरी काय?

उपांत्य सामन्याच्या दिवशी तिनं एकच ठरवलं. पोरीला तयार उत्तर द्यायचंच नाही. सामना संपला की माईकच्या आधी तिला बाजूला घ्यायचं आणि फक्त काय दिसलं, ते विचारायचं.

तो सामना भोर हरलं. शेवटची चढाई प्रगतीची होती. भोर एका गुणानं मागं आणि समोर सातही जणी उभ्या. बोनस रेषा ओलांडून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती. सर बाहेरून बोटांनी बोनसची खूण करत होते. ती आत शिरली, बोनस सोडून उजवीकडे एकदम दोघींना स्पर्श करायला झेपावली, आणि कोपऱ्यातलीनं घोटा धरला. शिट्टी वाजली.

सुलक्षणानं तिला पाण्याच्या पिंपाजवळ ओढलं. दम लागलेला, गुडघा सोललेला. सुलक्षणाच्या जिभेवर 'हारजीत चालायचीच' आलंच होतं. ते गिळून ती म्हणाली, "शेवटी काय दिसलं?"

"सर दिसले. बोटं दिसली. तरी म्या गेले."

"का गेलीस?"

"मला जिकायचं व्हतं, ताई. बरोबरी नगं व्हती."

सार्थक आलाच. "प्रगती, शेवटच्या चढाईत काय झालं?"

सुलक्षणानं डोळे मिटले. पोरगी काय बोलेल, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

"सरांनी बोनस घ्यायला सांगितलं होतं. मी स्पर्शाला गेले. मला जिंकायची घाई झाली. पकड तिनं चांगली केली, घोटा सुटलाच नाही. बाकी पोरींनी सामना हातात आणून दिला होता." तिनं सोललेल्या गुडघ्यावरची माती झटकली. "अजून काय सांगू? वाईट वाटतंय."

सार्थकनं माईक खाली घेतला.

परतताना कापूरहोळला टेम्पो चहासाठी थांबला. पोरी खाली उतरल्या. गोरख सर सुलक्षणाजवळ आले. "माझं ऐकलं नाही, हे चारचौघांत सांगायला तू शिकवलंस?"

"नाही सर. मी फक्त काय दिसलं, ते विचारलं."

"लोक आता म्हणतील, सरांचं कुणी ऐकत नाही." चहा तसाच ठेवून ते निघून गेले. मोबाईलवर शिव्याही येत होत्या आणि कौतुकही, अन् दोन्हींनी सुलक्षणाला सारखंच अस्वस्थ केलं.

तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात सरांनी प्रगतीला पहिला डाव बाहेर बसवलं. दुसऱ्या डावात उतरवलं, आणि भोर जिंकलं. या वेळी सार्थक दुसऱ्याच पोरीकडे गेला. ती पोरगी "सगळं श्रेय..." म्हणू लागली तशी प्रगती सुलक्षणाकडे वळली.

"ताई, तुमी तिला काय इचारलंच न्हाई?"

सुलक्षणा गर्दीतून वाट काढत त्या पोरीकडे धावली, पण तोवर तिचं बोलून झालं होतं आणि माईक पुढच्या पोरीकडे गेला होता.