म्हणे हाना

सिपोराला एकदा काही पटलं की तिला हलवणं कठीण. मुंबई सोडून आल्यावर बेर्शेब्याच्या कारखान्यात ती कापड तपासायची, घरी माणसांना तपासायची. आई हाना गेली तेव्हा तिने ठरवलं, थडग्याच्या दगडावर आईची आवडती ओळ मराठीत कोरायची: ‘वाट ठावी पाखरा, येई आपुल्या घरा.’

पेताह तिक्व्याच्या ऑफिसात बसणारा धाकटा भाऊ नेहेम्या अडून बसला. ही ओळ त्याने मुंबईत थेटरात ऐकली होती, पुढे ‘साजणी गं’ होतं. आईच्या दगडावर सिनेमा नको. सिपोरा म्हणाली, आई ती कीर्तनात म्हणायची. नेहेम्या हसला. आपले ज्यू कीर्तनकार थोरातल्या, म्हणजे धर्मग्रंथातल्या, गोष्टी सिनेमाच्या चालीवर बसवत, शब्दही उचलत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून सिपोराला ते जास्तच झोंबलं.

सिनेमा आला पंचावन्न साली. त्याआधी देश सोडलेलं आणि ते गाणं कधीच न ऐकलेलं माणूस हवं होतं. मझल मावशी आईची थोरली बहीण. ती एक्कावन्नलाच इकडे आली, आता एलातला लेकीकडे होती. लांबचा बसप्रवास करून सिपोरा तिच्याकडे गेली. सोबत नेहेम्यालाही नेलं, नाहीतर तो म्हणाला असता, तूच पढवलंस.

ओळ मात्र सिपोराने तोंडातून काढली नाही. आपण ओळ सांगितली की म्हातारं माणूस प्रेमापोटी हो म्हणतं. तिने एवढंच विचारलं, योसेफ हरवतो तेव्हा कीर्तनात काय म्हणायचे?

मावशीने डोळे मिटले आणि ती गायली. चाल संथ, थेटरातल्या ठेक्याशी काही नातं नाही.

सांज झाली सागरा
वाट ठावी पाखरा
येई आपुल्या घरा
म्हणे याकोब

ही तर ओवी! तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा, योसेफाच्या बापाचं नाव घेणारा. गाण्यात पहिला चरण गळला होता आणि चौथ्याच्या जागी साजणी बसली होती. कोणाकडून शिकलीस, असं नेहेम्याने विचारलं. सासऱ्यांकडून, मावशी म्हणाली, तेव्हा हाना परकर नेसत होती.

कीर्तनाने तरी ती कुठून घेतली, जात्यावरून की आणखी कुठून, हे मावशीला ठाऊक नव्हतं. पण सिनेमातून नाही, एवढं पक्कं झालं. सिपोरा जिंकली. तिला टोमणा मारायचा होता, पण भावाचा चेहरा बघून तो जिभेवरच विरला.

“पहिली ओळ मी विसरलोच होतो, बाय,” तो म्हणाला. “आई मला झोपवताना म्हणायची. चारही चरण कोरू.”

“याकोबासकट?”

“कीर्तनवाल्याने याकोब घातला, गाणंवाल्याने साजणी. आपण आई घालू.”

मराठी अक्षरं दगडवाल्याला येत नव्हती, म्हणून ती नेहेम्याने स्वतः काढून दिली. चौथ्या ओळीत त्याने लिहिलं, म्हणे हाना.