टमाटर कोणत्या ओळीत

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे टमाटरची चटणी. मी चुलीच्या इंगळावर चार टमाटर भाजले, सालं काढली. तिनं लसूण-मिरची घालून पाट्यावर ठेचले. मीठ नावापुरतं. सहा महिने तोंडाला चव नव्हती तिच्या, त्या दिवशी भाकरीसंगं बोट चाटून खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारी बसल्या जागी कलंडली आणि गेली.

तिच्या किडन्या गेल्या होत्या. यवतमाळच्या दवाखान्यानं छापील कागद दिला होता. मी चौथी शिकलेला, तेवढं वाचता आलं. फळे बंद. भाज्या चिरून, उकळून, पाणी फेकून. डॉक्टर म्हणाले होते, फळाभाजीत एक क्षार असतो. धड किडनी तो बाहेर टाकते, हिची टाकत नाही. रक्तात साचला तर काळीज थांबू शकते. आम्ही कागद पाळला. संत्र्याची फोड घरात आणली नाही. वांगी-भेंडी उकळून पाणी उकिरड्यावर. टमाटरचं विचारावं असं मनातच आलं नाही. ते फळात कोण धरते? आणि चटणी केली की ते भाजीतही राहत नाही, चटणी होते.

कापसाच्या कर्जानं माणसं खाल्ली ती वर्षं होती. गावात कोणी गेलं की पहिले विचारत, फवारणीचं औषध पिऊन गेलं काय. मी सगळ्यांना सांगायचो, नाही, किडनीनं गेली. तेरवीला तिचा धाकटा भाऊ आला. पुसदला शाळेत विज्ञान शिकवते. हात धुवायला न्हाणीमागं गेला, तिथं सांडपाण्यावर टमाटरची झाडं होती.

"भाऊजी, हे ताईले देत होते काय?"

"देत होतो. घरचं हाय."

"कागदावर फळं बंद लिवलं होतं ना?"

"फळ कुठं? भाजी हाय ते."

त्यानं एक डहाळी तोडून माझ्या नाकासमोर धरली. "पाहा. फूल सुकलं अन् त्याच्या बुडाशी हे हिरवं धरलं. फुलाच्या अंडाशयातून झालं, पोटात बिया हायेत. शास्त्रात याले फळ म्हणते. सातवीतलं पोट्टं सांगन."

"मंग वांगं?"

"फळ."

"भेंडी? मिरची?"

"सारे फळंच."

"मंग वांगं उकळून चालते अन् संत्रं चालत नाही, असं काहून सांगतलं डॉक्टरनं? तू झाडाकडून बोलून राह्यला मास्तर. बाई चुलीकडून पाहते. गोड लागते का, तिखट-मीठ घेते का, फोडणीत जाते का. टमाटर वरणात जाते, शिऱ्यात जात नाही. तुह्या बहिणीनं शिकवलं मले."

"तिले कायले मधात आणता? तुम्ही मारलं तिले, भाऊजी."

आवाज चढवला नाही त्यानं. मांडवातली माणसं जेवता जेवता थांबली.

"सहा महिने पडून होती, तवा तुहं शास्त्र कुठं होतं?" मी म्हणालो. "एक डाव आला, चहा पेला अन् गेला."

"मले कागद कोणी दाखवला?"

"तू मागतला काय?"

ताट तसंच ठेवून तो निघून गेला. मी थांबवलं नाही.

संध्याकाळी कागद पुन्हा काढला. मास्तरचं खरं धरलं, तर टमाटर बंद होतं. माझं खरं धरलं, तर उकळून पाणी फेकायचं होतं, आणि मी तर भाजलं होतं, सगळा क्षार आतल्या आत. दोन्हीकडून चूक माझ्याच हातावर येत होती. भांडण जिंकून मला काही मिळणार नव्हतं.

सकाळी बोरी अरबच्या स्टँडवरून पहिल्या बसनं यवतमाळला गेलो. दवाखान्यात पथ्याचे कागद देणारी बाई होती, तिच्या टेबलावर एक टमाटर ठेवलं आणि विचारलं, हे फळ का भाजी.

"बाबा, नाव काहीही ठेवा. क्षार नावानं ठरत नाही. बटाटा फळ नाही, त्यात भरपूर. सफरचंद फळ आहे, त्यात कमी. टमाटरमध्ये बराच असतो."

"मंग चटणीनंच गेली ती?"

"एका चटणीनं गेली असं नाही म्हणता येत. नाही गेली असंही नाही. त्या दिवशी रक्त तपासलं असतं तर कळलं असतं."

"कागदावर टमाटर काहून नाही लिवलं?"

"लोकांना माहीत असतं, असं वाटते."

"मले नव्हतं. तिले नव्हतं."

ती पेन काढून माझ्या कागदावर लिहायला लागली. मी कागद ओढून घेतला. "याच्यावर कायले? ज्याच्यासाठी होता ते माणूस जळलं. तो बाकीच्या कागदांचा गठ्ठा घ्या."

"बाबा, मागं रांग आहे."

"असू द्या."

तिनं गठ्ठा पुढं ओढला. एकेका कागदावर हातानं टमाटर लिहू लागली. मागून लोक शिव्या देत होते. शेवटचा कागद होईस्तोवर मी हटलो नाही.