चित्र न पाहता सांगितलेलं

फोन दुपारी आला. नंबर अनोळखी होता, माणूसही. "बाई, तुमी चित्रकलेच्या बाई ना? एका चित्राचा अर्थ सांगता का?"

निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती. हिंगोलीत घरी बसून मी एक-दोन लेकरांच्या वह्या तपासते, तेवढंच. मी म्हटलं, फोटो पाठवा.

"फोटो न्हाई पाठवता येत. घरची गोष्ट हाय. फोटो एकदा गेला की फिरतो."

इथंच मला शंका आली. चित्र कुणाचं, असं विचारलं तर म्हणाला, मित्राचं. मित्राचं चित्र, आणि गोष्ट मात्र याच्या घरची! मी फोन ठेवून देणार होते, पण तो म्हणाला, "बाई, ठेवू नका." मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

"सांगा, काय दिसतं?"

"एक बाई घर सोडून चालली हाय. अन् झाडामागं तिचा माणूस लपून वाट पाहून राहिला."

"थांबा," मी म्हटलं. "ही तुम्ही गोष्ट सांगितली. मी दिसतं काय ते विचारलं."

वर्गातही पोरं असंच करायची. चित्र दाखवलं की 'आई रडते आहे' म्हणायची. मग मी विचारायची, डोळ्यांत पाणी कुठं दिसलं? बहुतेक वेळा ते चित्रात नसायचं. शब्दांतून चित्र उभं करायचं तर आधी मोजमाप, मग जागा, मग रंग, आणि अर्थ सगळ्यांत शेवटी.

म्हणून मी त्याला कागदापासून सुरुवात करायला लावली. कागद आडवा होता, चार्टपेपरचा अर्धा. पोस्टर कलर. मी माझ्या कागदावर तेवढी चौकट आखली. बाई कुठं? डाव्या कडेला, दारात. केवढी? त्यानं वीत लावून पाहिली. वीतभर. झाडाजवळचा माणूस उजव्या कडेला. केवढा?

"अंगठ्याएवढा."

"लपलाय हे कशावरून?"

"अर्धा झाडाच्या आड हाय."

"कोणता अर्धा?"

"डावा. पण बाई, लपायचं नसलं तर कोण झाडाआड उभं राहील?"

"सावलीला उभं राहील. एसटीची वाट पाहत उभं राहील. किंवा चितारणाऱ्याला पूर्ण माणूस जमत नसेल. चेहरा आहे का त्याला?"

"न्हाई. नुसता गोळा."

"मग तो कोण आहे हे चित्रात नाही. ते तुम्ही घालताय."

मी दाराचा रंग विचारला. निळा म्हणाला. निळा म्हणजे कसला? आभाळासारखा, का शाळेच्या शाईसारखा? शाईसारखा, म्हणाला. बाईच्या हातात पिशवी होती. भरलेली का रिकामी? चपटी, मधे घडी पडलेली. ती पाहते कुठं? डोळे खाली. आणि पाय?

"पाय न्हाईत. उंबऱ्यापाशीच कागद संपला. पाय काहून न्हाई काढले? चालती दिसू नये म्हणूनच ना?"

माझी पेन्सिल थांबली. हट्टा गावच्या शाळेत माझ्या हाताखाली एक पोरगी होती. चांगलं काढायची, पण पाय म्हटलं की घाबरायची. माणूस इतका खाली न्यायची की पायाशी कागद संपावा. कितीदा तरी मी तिला माझे स्वतःचे पाय पुढं करून काढायला बसवलं होतं.

मी विचारायला नको होतं. पण विचारलंच, "हे काढणारी माहेरची हट्ट्याची का?"

मग तो हळूच म्हणाला, "तिनं गादीखाली ठेवलं होतं, बाई. लपवून. तिच्या जुन्या वहीत तुमचा नंबर होता."

म्हणजे नवरा. आणि मी अर्धा तास त्याच्या संशयाला खत घालत होते का काय, हे मला कळेना. मी जपून बोलले. म्हटलं, रेषा कशी आहे, रंग कसा बसलाय, ती बाई खरंच उदास दिसते का, हे मला पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तुमच्या शब्दांवरून एवढंच सांगता येतं, की दोन्ही माणसं कडांना आहेत. मधे काय आहे?

"काहीच न्हाई. मातीचा रंग. सगळं आंगण."

"मग सगळ्यांत मोठी गोष्ट ते अंगणच आहे. चित्र अंतराबद्दल असावं."

"अंतर वाढून राहिलं का कमी होऊन राहिलं?"

"ते चित्रात नाही. ज्या बाईनं काढलं तिलाच विचारा. आणि विचारताना 'हा कोण' असं विचारा, 'हा तोच ना' असं नको."

त्यानं फोन ठेवला.

दोन दिवस मला चैन नव्हतं. त्याचा पत्ता माहीत नव्हता, तिचं सासर डोंगरकडा या गावी, एवढंच कुणीतरी कधी सांगितलेलं. त्याच नंबरावर फोन करावा तर संशय वाढायचा. न करावा तर तिला काही झालं असेल तर? माझ्या कागदावरचं चित्र मी पुन्हा पाहिलं. झाडाआडच्या माणसाची मान मी पुढं काढली होती, चोरासारखी. तसं त्यानं सांगितलंच नव्हतं. तो चोर माझा होता.

तिसऱ्या दिवशी त्याच नंबरावरून तिचा आवाज आला. "बाई, मी."

आवाज घुमत होता. स्पीकर चालू असावा. मागं कुणीतरी भांडं सरकवलं. ती एकटी नव्हती, हे मला कळलं, आणि मला कळलंय हे तिला कळावं म्हणून मी चित्राचा विषय न काढता वर्गातलं जुनंच विचारलं, "आता तरी पाय जमतात का गं?"

ती हसली. "न्हाई जमत, बाई." ते हसू जुनंच होतं. जरा धीर आला.

मग तिनं तेच चित्र मला सांगितलं. तिनं रंगापासून सुरुवात केली. दार निळं आहे असं ती म्हणालीच नाही. म्हणाली, आतला अंधार निळा आहे, दार उघडं आहे. पिशवी बाजारातून आल्यावर रिकामी केलेली. तिच्या शब्दांत बाई आत येत होती. मी एकाच चौकटीत दोन चित्रं ऐकली, आणि पाहिलं एकही नव्हतं.

"त्यांनी विचारलं मला," ती म्हणाली, "हा कोण म्हणून. नीट विचारलं. मी म्हटलं, तुमीच. कामावून येता तवा झाडाखाली गाडी लावता न्हाई का?"

मागं भांडं पुन्हा सरकलं.

"बाई, मधलं आंगण मोकळं ठेवू का भरू?"

भर म्हटलं तर चुकेल, ठेव म्हटलं तरी चुकेल. मी म्हटलं, "कोऱ्या कागदाची कोंबडी काप, खाट काप. मधे ठेवून पाहा. मग समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहा. काढून घेतल्यावर काही चुकल्यासारखं वाटलं तर ती गोष्ट तिथं हवी. मग चित्र उलटं धर. नजर पहिली कुठं जाते ते बघ. हे तुला कळेल, मला नाही."

"व्हय. फोटो पाठवू का?"

"त्यांना चालत असेल तर पाठव."

"पाठव की," मागून त्याचा आवाज आला.

फोटो आला नाही. तिनं नवऱ्याला खरं सांगितलं, का त्या वेळी जे सांगता येण्यासारखं होतं ते सांगितलं, मला आजही ठरवता येत नाही. पुढं पंधरा दिवसांनी तिनं उघडपणे, स्वतःच्या फोनवरून विचारलं, की पोस्टर कलरवर दुसरा थर देताना खालचा उखडतो, काय करू? खालचा पूर्ण वाळू दे, ब्रश कमी ओला घे, एकाच जागी घासू नको, असं मी सांगितलं. कशावर दुसरा थर देते आहेस, ते मी विचारलं नाही.