रेडिओची सम्यक वाणी

गल्लीत केस कापायची दुकानं तीन होती, पण बातम्या एकाच दुकानात मिळत. त्या दुकानदाराला सगळे रेडिओ म्हणत. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की हा सुरू व्हायचा, आणि कापड झटकेपर्यंत कुणाचं लग्न मोडलं, कुणी नोकरी सोडली, सगळं गिऱ्हाइकाच्या कानात पडलेलं असायचं. केसांसकट.

असा हा माणूस एक दिवस विहारातून बुद्धाच्या अष्टांगिक मार्गावर चालायचा निश्चय करून घरी आला. "आजपासून सम्यक वाणी," त्याने बायकोला बजावलं. "खोटं बोलणार नाही."

"बोलणारच नाही, असं का नाही ठरवत?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सत्याचा धडाका सुरू झाला. बँकेतल्या साहेबांना त्याने सांगितलं, "इकडचे केस तिकडे नेलेत तरी टक्कल दिसतंच." साहेब गोरेमोरे झाले. रेडिओ मात्र खूश. धर्म इतका सोपा असतो हे त्याला आधी माहीत नव्हतं.

मग शनिवारी सकाळी दादा आला. दादा म्हणजे थोरला भाऊ, हाडाचा सुतार. बारा वर्षांपूर्वी दुकान निघालं तेव्हा आरशाखालचं कपाट त्यानेच करून दिलं होतं. खुर्चीत बसून, अर्धी दाढी झालेली असताना, दादाने कपाटाकडे कौतुकाने पाहिलं. "काय काम केलंय मी! अजून तसंच आहे."

"तसंच आहे," रेडिओ म्हणाला. "पहिल्या महिन्यापासून तिरकं. दार मिटावं म्हणून बारा वर्षं कागदाची घडी घालतोय."

बाकावर नंबर लावून बसलेले चौघे खो खो हसले. दादा उठला आणि गालावरच्या फेसासकट चालता झाला.

दादाने जन्मात दुसऱ्या कुणापुढे गाल धरला नव्हता, आणि स्वतःची दाढी करणं त्याला ठाऊक नव्हतं. त्यामुळे दाढी वाढू लागली. डावीकडची पुढे, उजवीकडची तिच्या मागोमाग. तीन आठवड्यांनी वहिनी दुकानात आली. "भावजी, ही दाढी आहे की बंड, तेच कळत नाही. तुमचं नाव काढलं की ताट बाजूला सारतात. काहीतरी करा हो."

वडील गेल्यावर त्याच्या हाती पहिली कात्री दिली होती ती दादानेच. तो तडक विहारात गेला. भन्ते अंगण झाडत होते.

"भन्ते, मी खरं बोललो आणि भाऊ गमावला."

"कठोर बोललास का?"

"जरासं."

"वेळ कोणती होती?"

"त्याच्या तोंडाला फेस होता. उत्तर देणं कठीणच होतं."

"आणि मनात काय होतं?"

रेडिओचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. तो म्हणाला, "चौघे हसले तेव्हा बरं वाटलं."

"म्हणजे वाणीच्या आधी संकल्प बिघडला," भन्ते म्हणाले. "दुखवायचं नाही, मनात वैर धरायचं नाही, हा सम्यक संकल्प. आणि वाणी म्हणजे नुसतं खोटं टाळणं नव्हे. चहाडी नको, कठोर नको, वायफळ नको. खरं असावं, हिताचं असावं, वेळेवर आणि मायेनं सांगितलेलं असावं. तू आठांतलं एक अंग उचललंस, त्याचाही चतकोर, आणि त्याची काठी केलीस."

"माझी आजीविका तरी चोख आहे," रेडिओने बाजू सावरली. "शस्त्रं, जीव, मांस, दारू, विष, यातलं काही विकत नाही."

"आणि ते टक्कल घालवणारं तेल?" भन्ते आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणाले.

त्याच दिवशी तेलाच्या बाटल्या फळीवरून उतरल्या. दुकान शांत झालं. गिऱ्हाइकं काळजीने विचारू लागली, "तब्येत बरी आहे ना?" बरी कसली! जीभ शिवशिवायची. चहाडी ओठांवर येण्याआधीच ओळखायची, आलीच तर सोडून द्यायची, तिच्या जागी एखादा चांगला शब्द आणायचा आणि तो टिकवायचा. या सम्यक व्यायामाने त्याला तालमीपेक्षा जास्त घाम फुटला.

खरी परीक्षा घेतली बँकेतल्या साहेबांनी. "तुझा दादा काल तुझ्याबद्दल काय बोलला, सांगू?"

रेडिओचा वस्तरा साहेबांच्या गळ्यावर होता. राग मनगटापर्यंत उतरलेला त्याला स्पष्ट जाणवला. त्याने वस्तरा बाजूला ठेवला, एक श्वास घेतला, सोडला. राग ओसरेपर्यंत आणखी दोन. "नको साहेब. मान सरळ ठेवा."

दुपारी दुकान बंद करून, सामानाची पेटी घेऊन तो दादाच्या कारखान्यात गेला. दादा एकटाच रंधा मारत होता.

"दादा, चारचौघांत तुझं हसं केलं. मला त्यात मजा वाटली. चुकलो."

दादाने रंधा थांबवला नाही. लाकडाचा बराच कीस पडल्यावर विचारलं, "कपाट तिरकं आहे का?"

गोड खोटं जिभेच्या टोकावर आलं होतं. रेडिओने ते तिथेच सोडलं.

"आहे. डावीकडचा पाय बोटभर खाली आहे. पण बारा वर्षांत एक खिळा हलला नाही, दादा. दुकान त्याच्याच जिवावर उभं राहिलं."

दादाने रंधा बाजूला ठेवला. "लाकूड ओलं होतं," तो म्हणाला. "तुझं दुकान लवकर निघावं म्हणून वाळायला थांबलो नाही."

हे रेडिओला माहीत नव्हतं. दादा ठोकळ्यावर बसला आणि त्याने गाल पुढे केला. रेडिओने फेस लावला. पुढची वीस मिनिटं त्याचं मन फक्त पात्यावर आणि भावाच्या गालावर होतं; एक शब्द निघाला नाही.

"बातम्या काय?" शेवटी न राहवून दादाने विचारलं.

"हलू नकोस," रेडिओ हळूच म्हणाला. "अजून उजवी बाजू राहिलीय."