लाभ म्हटल्यावर बोलायचं नाही

ठमाबाई नेमकी कुठल्या वाडीची, हे कोंडाजीला शेवटपर्यंत सांगता आलं नसतं. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला कुठंतरी, एवढंच. तिला मुलं किती, नवरा कधी गेला, हेही त्यानं कधी विचारलं नाही. आठ-नऊ वर्षं महाडच्या बाजारात तिची नाचणीची पाटी त्याच्या तांदळाच्या राशीपासून चार हातांवर असायची. तरी त्या दोघांचं बोलणं जमवलं तर एका संध्याकाळपुरतंही भरणार नाही.

कोंडाजी महिपतशेटच्या दुकानाचा मापारी. मापाऱ्यानं पहिली पायली ओतताना ‘एक’ म्हणायचं नसतं, ‘लाभ’ म्हणायचं. मग पुढची पायली भरेपर्यंत तोच शब्द घोळवत राहायचं: लाभ हाय लाभ, लाभ हाय लाभ. दुसरी पडली की, दोन हायत दोन. एकदा लाभ म्हटलं की रास संपेस्तोवर गणतीशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. बोललं तर बरकत जाते, शिवाय आकडा चुकतो. कोंडाजीचा आकडा वीस वर्षांत चुकला नव्हता.

एका वर्षी भाद्रपदात तो अशीच रास मोजत असताना गावाकडचा येसाजी गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, “कोंडाजी, चल घरी. तुळसाचं काय खरं नाय.” तुळसा म्हणजे कोंडाजीची बायको. चार दिवस तापानं पडली होती. कोंडाजीची अकरावी पायली हातात होती. त्यानं येसाजीकडे पाहिलं, आणि म्हणत राहिला, अकरा हायत अकरा. रास तेहतीस पायल्यांची निघाली. ती संपवून तो उठला, धावत घरी गेला. तोवर तुळसा गेली होती, तिला खाली घेतलं होतं.

कुणी त्याला बोल लावला नाही. मापाऱ्यानं दुसरं काय करायचं, असंच सगळे म्हणाले.

दिवाळीनंतरच्या एका बाजारी त्याला पहिल्यांदा ते झालं. नऊ म्हणून झालं आणि दहावी पायली भरताना छातीत कुणी मुसळ घातल्यासारखं धडधडू लागलं. बोटांना मुंग्या आल्या. माणसांचे आवाज विहिरीतून यावेत तसे लांब गेले, आणि आता आपण इथंच मरणार अशी खात्री झाली. श्वास घेतोय, घेतोय, तरी पुरत नव्हता. पायली हातातून सुटली.

“लागीर हाय,” कुणीतरी म्हणालं. “बायको गेल्यापासून मागं हाय त्याच्या.”

माणसं जमली. एकानं पायातली वहाण काढून त्याच्या नाकाशी धरली, दुसऱ्यानं फोडलेला कांदा आणला. जितकी माणसं वाकून बघत होती तितका त्याचा श्वास आणखी कोंडत होता. बऱ्याच वेळानं ते आपोआप उतरलं. अंग घामानं भिजलं होतं.

पुढच्या बाजारी पुन्हा झालं तेव्हा महिपतशेट म्हणाला, “कोंडाजी, गिऱ्हाईक घाबरतं. आणखी एकदा असं झालं तर ही जागा दुकानातल्या रामाला द्यावी लागेल बघ.”

ती जागा गेली तर कोंडाजीकडे उरणार काय होतं? घरी चूल बंद होती. दिवसभरात त्याच्याशी जे कुणी बोलायचं ते तिथंच, पायलीच्या पलीकडून बोलायचं. पण ‘लाभ’ म्हणायची वेळ आली की अंगाला कापरं सुटायचं, आणि भीती वाटायची ती त्या भीतीचीच. बाजाराच्या आदल्या दिवसापासून जेवण जात नसे.

शिमग्याच्या आधीचा बाजार फार मोठा. मुंबईची माणसं आलेली, खांद्याला खांदा लागत होता. चौदाव्या पायलीला त्याला ती चाहूल लागली. त्यानं दात आवळले, आवळल्यानं ती वाढली. चौदा हायत चौ... आणि शब्द अडकला.

“चौदा हायत चौदा,” शेजारून आवाज आला. “चौदा हायत चौदा.”

ठमाबाई पाटी सोडून राशीच्या कडेला येऊन बसली होती. बाईमाणसानं गणती धरलेली पाहून लोक हसले. “काय गो म्हातारे, मापारीण झालीस?” एकानं विचारलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. वहाण घेऊन पुढं आलेल्या एकाला हातानं मागं ढकललं.

“मागं व्हा रे. वारा येऊ दे त्याला. चौदा हायत चौदा.” मग खाली वाकून, फक्त कोंडाजीला ऐकू जाईल असं म्हणाली, “हात राशीत घाल. मनगटापर्यंत. घातलास? काय लागतंय?”

त्यानं हात आणखी आत खुपसला.

“तांदूळ उकडा हाय का सुरय?”

“...उकडा.”

“गार हाय का ऊन?”

“वर ऊन. खाली गार.”

“कणी हाय?”

त्यानं बोटांनी चाचपलं. “थोडी.”

“टाचा जमिनीला टेकव. आता चुलीत फुंकणी घालून फुंकतोस ना, तसं फुंक. जोरात नाय. हळू, लांब. राख उडता नये. घ्यायची घाई नको, आधी सोड.”

त्यानं फुंकलं. पहिल्यांदा फुंकर मधेच तुटली. दुसऱ्यांदा थोडी लांबली. धडधड थांबली नाही. “जात नाय गो,” तो म्हणाला.

“मग ऱ्हाऊ दे. घालवू नको. मरत नाय कुणी यानं. खाडीचं पाणी चढतं तसं चढतं, मग ओहोटी लागते. तू बस राशीत हात घालून. तो लाल टोपीवाला बघ, किती गुंड्या हायत त्याच्या बंडीला?”

“चार. एक तुटलीय.”

“चौदा हायत चौदा,” ती मोठ्यानं म्हणाली.

अशी किती वेळ ती चौदावरच बसली होती, देव जाणे. हळूहळू आवाज पुन्हा जवळ आले. गुळाचा वास आला. कोंडाजीनं पायली उचलली आणि स्वतः म्हणाला, पंधरा हायत पंधरा. रास संपली. एकोणतीस.

गिऱ्हाईक मात्र अडून बसलं. “मधे बोललास तू. बाईनं आकडा धरला. मला हे माप नको.”

महिपतशेटनं पुन्हा मोजायला रामाला बसवलं. एकोणतीसच आले. तरी रामा मग त्या जागेवरून उठला नाही. शेट वाईट माणूस नव्हता. त्यानं कोंडाजीला मागल्या वखारीत गोणी शिवायला दिल्या.

वखारीत गर्दी नव्हती. तरी ते यायचं, गोणी शिवतानाही. कोंडाजी हात तागावर ठेवायचा, टाचा टेकवायचा, फुंकायचा. कधी लवकर उतरायचं, कधी नाही. काही वेळा तर फुंकता फुंकता रडूच यायचं आणि तो तसाच बसून राहायचा. तुळसाचं तेवढं कुठल्याच फुंकरीनं हलत नव्हतं.

ठमाबाईला हे सगळं कुठून ठाऊक, हे विचारायचं त्याच्या मनात फार होतं. एकदा बंदराच्या वाटेवर त्यानं तिला पाहिलं होतं, उतारूंच्या गर्दीत, भिंतीला पाठ लावून उभी, पाटीची कड घट्ट धरलेली, ओठांचा चंबू केलेला. लांब, हळू फुंकत होती. तो थांबला. पुढं जावं, काहीतरी विचारावं, असं वाटलं. पण परक्या बाईमाणसाला चार लोकांत काय विचारायचं? तो उभाच राहिला. तिनं डोळे उघडले तेव्हा तो मान खाली घालून चालू लागला होता.

वैशाखात एका बाजारी ती वखारीच्या दारावरून चालली होती. उन्हं उतरली होती. त्यानं दाभण बाजूला ठेवलं. आज विचारू, असं ठरवलंच होतं.

“सरली का नाचणी?” त्याच्या तोंडून निघालं.

“सरली. अच्छेरभर उरलीय, ती घरला नेते.”

“गाडी हाय का कुणाची?”

“नाक्यापातूर चालते. तिथं मिळंल.”

“बरं,” कोंडाजी म्हणाला. “सावकाश जा.”

“जाते,” ती म्हणाली. “तू पण उजेड हाय तोवर आटप.”