नको म्हटल्यावर पाठवलेले कागद

माझ्या पुतणीबद्दल आमच्या गावात आजही एक गोष्ट सांगतात. परदेशी नोकरीच्या लोभाने तिने अनोळखी माणसाला पासपोर्ट पाठवला आणि लोकांना फसवणाऱ्या टोळीच्या हाती आपलं नाव दिलं, अशी. काही जण तर ती त्या टोळीतच होती असं म्हणतात. दोन्ही खोटं आहे. खरं काय घडलं ते मला सुरुवातीपासून माहीत आहे, कारण ते मी केलं.

भाऊ गेल्यापासून ती आमच्याकडेच वाढली. नर्सिंग करून वाशिंदच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. आखातात जायची इच्छा तिची होती, घाई मात्र माझी. शहापूर तालुक्यातल्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी परदेशी दवाखान्यातल्या भरतीची जाहिरात टाकली. खाली नंबर होता. मीच फोन केला, तिचं शिक्षण सांगितलं आणि तिचा नंबर दिला.

त्या माणसाने तिला पहिल्याच निरोपात पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, आधार कार्ड आणि फोटो मागितला. मुलाखतीचं नाव नव्हतं. ड्यूटीवरून आल्यावर तिने मला आपलं उत्तर वाचून दाखवलं.

"बायोडेटा पाठवला आहे. मुलाखतीआधी ओळखपत्रं देणार नाही. दवाखान्याचं नाव, आपल्या ऑफिसचा पत्ता आणि परदेशी भरतीचा सरकारी परवाना नंबर कळवावा. तो तपासून मुलाखतीला येईन. निवड झाली की मूळ कागद समोर दाखवीन."

"अगं, नोकरी मागतेस की चौकशी लावतेस?" मी म्हटलं.

"काका, परवाना असेल तर नंबर द्यायला काय जातं त्याचं? खरी एजन्सी असली तर सरकारच्या साइटवर दिसते."

"आधी कागद मागतात ते नीट काम करणारे असतात. आम्ही आयुष्यभर अर्जाला कागद जोडूनच दिले."

"तुमची ती खिडकी तहसीलची होती. पलीकडे कोण बसलाय ते दिसत होतं," ती हसून म्हणाली आणि जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा मला वेगळ्याच नंबरवरून फोन आला. आवाज अदबीचा. "सर, तुम्ही शिक्षक माणूस म्हणून सांगतो. मुलगी हुशार आहे, पण डॉक्युमेंट देत नाही. आज यादी बंद होते. तिच्या जागी दुसरी जाईल." परवान्याचं मी विचारलं नाही. त्याने मला सर म्हटलं होतं, आणि घरात माझं ऐकलं गेलं नव्हतं. दोन्ही गोष्टी मनात होत्या.

ती ड्यूटीवर होती. तिच्या कागदांच्या झेरॉक्स माझ्या कपाटात असत. आता साक्षांकनाची गरज उरलेली नाही, ज्याने त्याने स्वतःच सही करायची. तरी आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं जुन्या सवयीने माझ्याकडे येतात आणि मीही सही करतो. त्या दिवशी मी प्रत्येक झेरॉक्सवर कोपऱ्यात 'सत्यप्रत' लिहिलं, खाली माझी तिरकी सही केली, फोटो काढले आणि पाठवले. ही प्रत कोणत्या कामासाठी दिली, एवढं तरी आडवं लिहायचं! तेही सुचलं नाही. प्रत खरी असल्याची ग्वाही तेवढी दिली.

पुढे त्याचा फोन लागेना. यादी भरली असेल, असं मी धरून चाललो. तिला काहीच सांगितलं नाही.

मग भातकापणीच्या दिवसांत मुरबाडकडचा एक शेतकरी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात एक छापील कागद होता.

"ही बाय इथंच ऱ्हाते ना?"

कागदावर माझ्या पुतणीचा पासपोर्ट होता. त्याच्या मुलाला कुणी 'मॅडम'ने फोनवर नोकरी कबूल केली होती. मुलाला शंका आली तेव्हा तिने विश्वास बसावा म्हणून 'आपला' पासपोर्ट पाठवला. मुलाने व्हिसाचे पैसे भरले, कारखान्यातली नोकरी सोडली, आणि मॅडमचा फोन बंद झाला. शेवटच्या पानावर आमच्या घरचा पत्ता होता. बाप तो पत्ता शोधत आला होता.

"माजा पोरगा घराभायेर निंगत नाय. त्याला काय सांगू मी?" तो ओरडत होता. "नर्स हाय म्हनं! लोकांचं रगात काढतंय ती नर्स?"

"दादा, मी तुमच्या मुलाशी कधी बोललेच नाही," ती म्हणाली. "हा पासपोर्ट माझा आहे, पण मी कुणाला पाठवला नाही."

"मंग काय उडत आला माज्याकडं?"

आरडाओरड ऐकून जमलेल्या गर्दीतली एक बाई हळूच म्हणाली, "गुरुजींच्या घरात असलं, गो!" कुणी तरी फोनवर सगळं टिपत होतं. पुतणीने तो कागद हातात घेतला. कोपऱ्यात माझी सही होती. बाकीच्यांना ती रेघोटी वाटली असेल. तिने पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्या माणसाला पाणी आणायला म्हणून घरात गेलो.

तक्रार द्यायला ती शहापूरला गेली, तेव्हा मी सोबत होतो. अंमलदाराने विचारलं, "प्रत तुमच्याकडूनच गेली असणार. आठवा. कुणाच्या नंबरवर पाठवली?"

"मी पाठवली नाही."

"मग कुणी?"

मी शेजारच्या खुर्चीत होतो. ज्या नंबरवर कागद गेले तो माझ्या फोनमध्ये होता. त्या संध्याकाळी मी त्या माणसाशी झालेलं सगळं संभाषण पुसून टाकलं.

अंगणातला व्हिडिओ वाशिंदपर्यंत पोहोचला. प्रकरण मिटेपर्यंत येऊ नका, असं दवाखान्याने तिला सांगितलं. ते मिटलं नाही. दरम्यान एका परवानाधारक एजन्सीने तिला ठाण्याला मुलाखतीला बोलावलं. सगळी माहिती आधी लेखी आली होती. पण तिची चौकशी चालू होती, तिच्याच पासपोर्टची प्रत लोकांच्या फोनवर फिरत होती. ती गेली नाही. घरात बसून राहिली, आणि गावाने त्याचाही अर्थ लावला.

मी बोललो ते फार उशिरा. चुलीजवळ बसून तिला म्हटलं, "ते कागद मी पाठवले होते."

"माहीत आहे. सही ओळखते मी तुमची."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते, काका. अंगणात थांबले. पोलिसांतही थांबले."

दोघं पुन्हा शहापूरला गेलो. अंमलदाराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "संभाषण?" पुसलं म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवला. "तेव्हा आला असतात तर नंबरामागे लागता आलं असतं, गुरुजी. आता लिहून द्या. हिच्यावरचा संशय जाईल, तेवढंच."

मी जबाब लिहायला घेतला. "माझ्याकडून चुकून कागदपत्रे पाठवली गेली." तिने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"चुकून नाही. मी नको म्हटलं होतं, त्यानंतर पाठवलीत. तसं लिहा."

मी ती ओळ खोडली आणि ती म्हणाली तसं लिहिलं. मुरबाडकडच्या त्या बापाला घरी जाऊन तेच सांगितलं. त्याने मला बसायला सांगितलं नाही. पुतणी आता दुसऱ्या जिल्ह्यात काम करते. घरी फोन करते तो माझ्या बायकोला. गावात अजून जुनीच गोष्ट चालते, म्हणून जबाबातलं ते वाक्य इथे पुन्हा लिहितो: तिने नकार दिला होता. तिच्या नकारानंतर, तिला न विचारता, कागद मी पाठवले.