दोरी आणि भिंतीमधलं अंतर

मला प्लास्टरचा हिशोब करायला फार आवडतं. लोक हसतात, हसू देत. दापोऱ्याच्या त्या केळीवाल्या शेतकऱ्याचं घर बांधायला घेतलं, तेव्हा बाबा म्हणाले, "आतल्या दोन खोल्यांच्या प्लास्टरचा हिशोब तू काढ." त्या सकाळी बऱ्हाणपूरहून गाडी हाणत मी अशी निघाले की विचारू नका. बाबा जुने मिस्त्री, आयुष्यभर भिंती उभ्या केलेल्या. मी त्यांच्या हाताखाली तयार झाले, पण माल किती आणायचा हे तेव्हापर्यंत तेच सांगायचे.

बाबांनी रोजच्या सवयीने मालकाला आकडा आधीच सांगून टाकला होता. दारं-खिडक्या वजा करून हजार चौरस फूट भिंत, जाडी बारा मिलिमीटर, एकास सहाचा मसाला, म्हणजे सिमेंट एक घमेलं तर रेती सहा. सात गोण्या आणा, बस झालं. मालकानेही मान डोलावली. पुढच्या महिन्यात त्याच्या लेकीचा साखरपुडा त्याच खोल्यांत होता, त्याला कधी एकदा रंग लागतो असं झालेलं.

मी मात्र भिंतीला हात लावून बघितला आणि थबकले. आमच्याकडे नऊ इंची भिंत उचलताना दोरी बाहेरच्या बाजूला बांधतात. रस्त्यावरून दिसते ती बाजू सरळ हवी, आतली बाजू प्लास्टर सांभाळून घेईल, असा सगळ्यांचा रिवाज. विटा काही सारख्या लांबीच्या नसतात, त्यामुळे आतली बाजू मागे-पुढे होतेच. पण इथलं जरा जास्तच वाटलं.

मग मी ठिय्ये लावले. भिंतीच्या वर-खाली मसाल्याच्या छोट्या टिकल्या, ओळंब्याने एका रेषेत आणलेल्या, आणि त्यांच्यावरून ताणलेली दोरी. दोरी आणि वीट यांच्यामधलं अंतर म्हणजे प्लास्टरची जाडी. कुठे बारा मिलिमीटर, कुठे वीस. आणि रस्त्याकडच्या भिंतीवर एका ठिकाणी तीस! मला तर आधी आनंदच झाला, कारण माझी शंका खरी निघाली होती. पुढच्याच क्षणी आठवलं. ही भिंत कुणी उचलली होती? बाबांनी. गेल्या महिन्यात, स्वतःच्या हाताने, कुणाला जवळ फिरकू न देता.

सरासरी अठरा निघाली. मी जमिनीवर बसून हिशोब मांडला. हजार फुटांवर अठरा मिलिमीटर म्हणजे साधारण साठ घनफूट ओला मसाला. सिमेंट रेतीच्या पोकळीत बसतं, कालवल्यावर माल दबतो, म्हणून तिसरा हिस्सा वाढवून कोरडा ऐंशी. त्याचे सात भाग, त्यातला एक सिमेंटचा. गोणीत सव्वा घनफूट सिमेंट मावतं, म्हणजे नऊ गोण्या आणि थोडं वर. सांडलवंड धरून दहा. रेती पंचाहत्तर घनफूट.

सात आणि दहा. फरक तीन गोण्यांचा नव्हता हो. सात गोण्या आल्या असत्या तर शेवटच्या भिंतीला कारागिरांनी गुपचूप रेती वाढवली असती, एकास आठ, एकास दहा. रंगाखाली दिसत नाही ते. पण खिळा ठोकला की रेती भुरूभुरू गळते. आणि दहा मागायच्या तर ते तीस मिलिमीटर कुठून आले ते बाबांना सांगावं लागणार.

चहा झाल्यावर मी त्यांना भिंतीपाशी नेलं. त्यांनीच दोरीमागे बोट घातलं. आख्खं पेर गेलं आणि तरी वीट लागली नाही. मला इतकं वाईट वाटलं की ठिय्ये लावलेच कशाला असं झालं.

"माझी नजर गेली, बेटा," ते म्हणाले. एवढंच.

मग खिशातून फोन काढून त्यांनी दुकानदाराला लावला. दहा गोण्या सांगितल्या. तिकडून काहीतरी विचारलं असणार, कारण बाबा जरा चढ्या आवाजात म्हणाले, "माझा अंदाज नाही. पोरीने मोजलंय. तेवढंच पाठव."

जिथे खड्डा होता तिथे आम्ही आधी एक थर भरला, ओला असतानाच करणीच्या, म्हणजे थापीच्या, टोकाने ओरखडे काढले आणि दुसऱ्या दिवशी वरचा थर दिला, कारण एकदम जाड थापलं की ते खाली उतरतं. बाकी भिंती एका हातात, म्हणजे एकाच थरात, झाल्या. शेवटचा कोपरा प्लास्टर सपाट करायच्या लाकडी रंध्याने घासला तेव्हा दहाव्या गोणीच्या तळाशी दोन घमेली सिमेंट उरलं होतं. मी आनंदाने अक्षरशः नाचले. बाबा पाणी मारत होते. त्यांनी ओठ दाबून हसू लपवलं, पण मी पाहिलंच.

पुढचं काम चांदनी गावात. पहिल्या थराच्या विटा मांडून झाल्यावर बाबांनी दोरी बांधली, दोन पावलं मागे सरकले, डोळे बारीक करून पाहिलं. मग ओळंबा माझ्यापुढे धरला.

"तू बघ," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी."